वाहन विमा नूतनीकरणाची पडताळणी

वाहन विमा नूतनीकरणाची पडताळणी म्हणजे मुदत संपत आलेल्या मोटार विमापत्राच्या नव्या वर्षासाठी विमा कंपनीने पाठवलेल्या सूचनापत्रातील आकडे मागील वर्षाच्या विमापत्राशी ओळीने ताडून पाहणे होय. भारतातील खाजगी मोटारींच्या सर्वंकष (पॅकेज) विम्यात दरवर्षी तीन गोष्टी एकाच वेळी बदलतात. वाहनाचे घसारा वजा जाता ठरणारे मूल्य (आयडीव्ही) कमी होते, दावा न केल्याबद्दलची सवलत (नो क्लेम बोनस किंवा एनसीबी) वाढते आणि पूरक संरक्षणांसाठी (अ‍ॅड-ऑन) लावला जाणारा जादा आकार वाहनाच्या वयानुसार चढत जातो. पहिल्या दोन बदलांमुळे विमा हप्ता उतरतो, तर तिसऱ्यामुळे तो चढतो. परिणामी सूचनापत्राच्या तळाशी असलेली एकूण रक्कम गतवर्षाइतकीच दिसू शकते आणि तरीही विमाधारकाला प्रत्यक्षात कमी संरक्षण अधिक दराने मिळत असते. केवळ एकूण रकमेकडे पाहून हे कधीच लक्षात येत नाही.

## हप्त्याची रचना

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक रस्त्यावर चालणाऱ्या वाहनाला त्रयस्थ पक्षाचा (थर्ड पार्टी) विमा सक्तीचा आहे. या भागाचा हप्ता शासन ठरवते व तो सर्व कंपन्यांकडे सारखाच असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार खाजगी मोटारीसाठी तो १००० घन सेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनास २,०९४ रुपये, १००० ते १५०० पर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये आहे. या भागावर आयडीव्हीचा, एनसीबीचा किंवा घासाघीशीचा काहीही परिणाम होत नाही.

दुसरा भाग स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा (ओन डॅमेज). त्याचे दर पूर्वी ‘इंडिया मोटर टॅरिफ’ या दरपत्रकाने बांधलेले होते. १ जानेवारी २००७ पासून हे बंधन सैल झाले आणि कंपन्यांना स्वतःचे दर ठरवण्याची मुभा मिळाली. तथापि जुन्या दरपत्रकाची चौकट अद्याप पुष्कळ सूचनापत्रांत दिसते. आधी दरपत्रकातील दराने मूळ हप्ता काढला जातो, मग त्यावर कंपनी आपली सूट देते किंवा जोखीम अधिक वाटल्यास भार (लोडिंग) लावते. दरपत्रकात देशाचे दोन विभाग केलेले आहेत. मुंबई व पुणे ‘अ’ विभागात येतात, तर नाशिक, नागपूर, पणजी व उर्वरित भाग ‘ब’ विभागात येतो. वाहनाची नोंदणी ज्या कार्यालयात झाली त्यावरून विभाग ठरतो. वाहन कोठे उभे असते, याला महत्त्व नाही. पुण्यात नोंदवलेली गाडी साताऱ्यात वापरली तरी तिला ‘अ’ विभागाचाच दर लागतो.

आकडेमोडीचा क्रम पडताळणीच्या दृष्टीने निर्णायक असतो. आयडीव्हीला दराने गुणून मूळ हप्ता येतो. त्यातून कंपनीची सूट वजा होते. उरलेल्या रकमेवर एनसीबीची टक्केवारी काढली जाते व तीही वजा होते. पूरक संरक्षणांचा आकार सामान्यतः यानंतर मिळवला जातो, म्हणजेच त्यावर एनसीबी मिळत नाही. शेवटी त्रयस्थ पक्षाचा हप्ता मिळवून एकूण बेरजेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आकारला जातो.

## आयडीव्ही आणि घसारा

आयडीव्ही म्हणजे विमापत्रात घोषित केलेले वाहनाचे मूल्य. वाहन चोरीस गेले अथवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा अधिक होऊन ते पूर्णतः निकामी ठरले, तर भरपाईची कमाल मर्यादा हीच असते. वर्षभर तोच आकडा बाजारमूल्य मानला जातो. मधल्या महिन्यांसाठी पुन्हा घसारा कापला जात नाही.

आयडीव्ही ठरवण्याचा आधार म्हणजे त्याच बनावटीच्या व प्रकाराच्या वाहनाची उत्पादकाने जाहीर केलेली विक्री किंमत. येथे एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. ही किंमत खरेदीच्या दिवशीची नसून विमा सुरू होण्याच्या किंवा नूतनीकरणाच्या वेळची असते. चार वर्षांत त्या प्रकाराची किंमत वाढली असेल, तर घसाराही वाढीव किमतीवरच मोजला पाहिजे. नोंदणी शुल्क, पथकर आणि विम्याचा खर्च मात्र यात धरले जात नाहीत. म्हणून ‘रस्त्यावरची किंमत’ आणि आयडीव्ही यांची तुलना करणे चुकीचे ठरते.

प्रमाणित घसारा असा आहे: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, सहा महिने ते एक वर्ष १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांहून जुन्या वाहनाचे मूल्य कंपनी व विमाधारक यांच्यातील संमतीने ठरते. प्रत्यक्षात अलिकडे पाच वर्षांच्या आतील वाहनांसाठीही कंपन्या एक वरची व एक खालची मर्यादा देतात आणि सूचनापत्रात बहुधा खालच्या बाजूचा आकडा छापतात. खालचा आकडा छापण्यामागचे कारण सरळ आहे: त्याने हप्ता स्पर्धक कंपनीपेक्षा कमी दिसतो.

आयडीव्ही गरजेपेक्षा वर नेण्यातही लाभ नसतो. किरकोळ दुरुस्तीची भरपाई आयडीव्हीवर अवलंबून नसल्यामुळे जास्तीचा हप्ता भरूनही अशा दाव्यात एक रुपयाही अधिक मिळत नाही.

## एनसीबीची टक्केवारी

एका पूर्ण वर्षात ओन डॅमेज भागाखाली दावा न केल्यास पुढील नूतनीकरणात २० टक्के सवलत मिळते. सलग दोन वर्षांनंतर २५, तीन वर्षांनंतर ३५, चार वर्षांनंतर ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के अशी ती वाढते व तेथेच थांबते. एक दावा मंजूर झाला की ती शून्यावर येते. केवळ त्रयस्थ पक्षाचा विमा असलेल्या काळात एनसीबी जमा होत नाही, कारण सवलत लागू होण्यासाठी ओन डॅमेजचा हप्ताच तेथे नसतो.

एनसीबी वाहनाशी जोडलेली नसून विमाधारकाशी जोडलेली असते. जुनी गाडी विकून नवी घेणारा मालक कंपनीकडून प्रमाणपत्र घेऊन तीन वर्षांच्या आत आपली सवलत नव्या गाडीच्या विम्यावर वळवू शकतो. याउलट वापरलेली गाडी विकत घेणाऱ्याला आधीच्या मालकाची सवलत मिळत नाही. विमापत्र नावावर करून घेताना उरलेल्या काळाची एनसीबीची रक्कम त्याला भरावी लागते. जुन्या गाड्यांच्या व्यवहारात ‘गाडीला पन्नास टक्के बोनस आहे’ असे सांगून किंमत वाढवली जाते. त्या विधानाला काही अर्थ नसतो.

कंपनी बदलली तरी एनसीबी कायम राहते, परंतु तेव्हा ती विमाधारकाच्या घोषणेवर दिली जाते. जुन्या दरपत्रकाच्या सामान्य नियम २७ प्रमाणे नव्या कंपनीने २१ दिवसांच्या आत आधीच्या कंपनीकडे लेखी चौकशी करावयाची व आधीच्या कंपनीने ३० दिवसांत उत्तर द्यावयाचे अशी व्यवस्था होती. घोषणेच्या मजकुरातच असे नमूद असते की ती खोटी आढळल्यास ओन डॅमेज भागाखालील सर्व लाभ जप्त होतील. त्रयस्थ पक्षाला मिळणारे संरक्षण याने जात नाही, परंतु स्वतःच्या गाडीची भरपाई धोक्यात येते. दोन-तीन हजार रुपयांच्या सवलतीसाठी साडेचार लाखांचे संरक्षण पणाला लागते, हे प्रमाण ध्यानात घेण्याजोगे आहे.

चुकीची एनसीबी नेहमी हेतुपुरस्सर घेतली जाते असे नाही. नूतनीकरणाचे सूचनापत्र मुदत संपण्याच्या कित्येक आठवडे आधी तयार होते. त्यानंतर, पण जुने विमापत्र चालू असतानाच, एखादा अपघात होऊन दावा केला गेला, तर सूचनापत्रावर जुन्याच हिशेबाची वाढीव एनसीबी छापलेली राहते. दुचाकीचा धक्का लागून फुटलेला मागचा दिवा असो वा गारपिटीत तडकलेली काच, त्याचा दावा मंजूर झाला असेल तर छापील सवलत तशीच स्वीकारणे म्हणजे नकळत खोटी घोषणा करणे होय. अशा वेळी दावा क्रमांक देऊन सुधारित सूचनापत्र मागवणे आवश्यक असते. संकेतस्थळावर परस्पर नूतनीकरण करताना ‘गेल्या वर्षी दावा केला होता का’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी आधीच ‘नाही’ असे निवडलेले असते. ते उत्तर विमाधारकाचेच समजले जाते.

## पूरक संरक्षणांचा आकार

पूरक संरक्षणांपैकी सर्वांत महाग आणि सर्वांत उपयुक्त असते ते घसारा-मुक्तीचे, ज्याला व्यवहारात ‘झिरो डेप’ म्हणतात. त्याचे कार्य समजण्यासाठी एक भेद लक्षात घ्यावा लागतो. आयडीव्हीवरील घसारा संपूर्ण वाहनाचा असतो, तर दुरुस्तीच्या दाव्यात सुट्या भागांवर वेगळा घसारा कापला जातो. रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर व बॅटरी यांवर वाहनाचे वय काहीही असले तरी ५० टक्के कपात होते. फायबर ग्लासच्या भागांवर ती ३० टक्के असते, काचेवर नसते. धातूच्या भागांवर मात्र वयाप्रमाणे कपात वाढते: तिसऱ्या वर्षात १५ टक्के, चौथ्यात २५, पाचव्यात ३५ आणि त्यानंतर दहा वर्षांपर्यंत ४० टक्के. झिरो डेप घेतल्यास ही कपात विमाधारकाच्या माथी येत नाही.

म्हणूनच वाहन जुने होताना या संरक्षणाचा दर चढतो. कंपनीच्या डोक्यावरचा भारच दरवर्षी वाढत असतो. हा दर बहुधा आयडीव्हीच्या टक्केवारीत असतो. आयडीव्ही उतरत असल्यामुळे रुपयांतील वाढ थोडी दिसते, पण दराची वाढ त्याहून बरीच मोठी असते. अनेक कंपन्या पाच वर्षांनंतर हे संरक्षण देत नाहीत, काही त्यापुढेही देतात. वर्षात दोनच दावे अशी मर्यादाही बहुधा असते. नूतनीकरणात झिरो डेपची ओळ गाळली जाऊन हप्ता ‘स्वस्त’ झालेला दिसणे ही नेहमीची गोष्ट आहे. त्यामुळे प्रथम संरक्षणांची नावे जुळतात का ते पाहावे आणि मगच रकमांकडे वळावे.

## एक उदाहरण

नाशिक येथे नोंदवलेली ११९७ घन सेंटिमीटरची पेट्रोल मोटार विचारात घेऊ. तिचा पहिला विमा १० ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झाला. त्या प्रकाराची जाहीर किंमत सोयीसाठी दोन्ही वर्षी ८,००,००० रुपये धरली आहे. एकदाही दावा केलेला नाही. दरपत्रकाप्रमाणे ‘ब’ विभागात १००० ते १५०० घन सेंटिमीटरच्या, पाच वर्षांपर्यंतच्या मोटारीचा मूळ दर ३.१९१ टक्के आहे. कंपनीची सूट व झिरो डेपचा दर हे आकडे केवळ उदाहरणापुरते घेतले आहेत. ते प्रत्येक कंपनीत निराळे असतात. मालकाचा वैयक्तिक अपघात विमा स्वतंत्र घेतलेला असल्याने येथे धरलेला नाही.

खालील तक्त्यात पहिला स्तंभ २०२४ च्या विमापत्राचा आणि दुसरा २०२५ च्या सूचनापत्राचा आहे. तिसरा स्तंभ मागील वर्षाचेच दर कायम ठेवून केवळ घसारा व एनसीबी नियमानुसार बदलल्यास काय झाले असते ते दाखवतो.

| बाब (रुपये) | २०२४ चे विमापत्र | २०२५ चे सूचनापत्र | जुन्या दराने २०२५ |
|---|---|---|---|
| आयडीव्ही | ५,६०,००० | ४,३२,००० | ४,८०,००० |
| मूळ हप्ता (३.१९१ टक्के) | १७,८७० | १३,७८५ | १५,३१७ |
| सूट वजा जाता | ७,१४८ (सूट ६० टक्के) | ६,८९३ (सूट ५० टक्के) | ६,१२७ (सूट ६० टक्के) |
| एनसीबी | २,५०२ (३५ टक्के) | ३,१०२ (४५ टक्के) | २,७५७ (४५ टक्के) |
| ओन डॅमेजचा निव्वळ हप्ता | ४,६४६ | ३,७९१ | ३,३७० |
| झिरो डेप | ३,३६० (०.६ टक्के) | ४,३२० (१ टक्का) | २,८८० (०.६ टक्के) |
| त्रयस्थ पक्ष | ३,४१६ | ३,४१६ | ३,४१६ |
| कर (१८ टक्के) | २,०५६ | २,०७५ | १,७४० |
| एकूण | १३,४७८ | १३,६०२ | ११,४०६ |

एकूण रकमेत अवघा १२४ रुपयांचा फरक आहे. एवढ्या फरकावर कोणी थांबत नाही आणि पैसे भरून मोकळा होतो. प्रत्यक्षात येथे तीन गोष्टी घडल्या आहेत.

पहिली म्हणजे चार वर्षांपर्यंतच्या वाहनासाठी ४० टक्के घसारा धरून आयडीव्ही ४,८०,००० यायला हवी होती, ती ४,३२,००० दाखवली आहे. गाडी चोरीस गेल्यास ४८,००० रुपये कमी मिळतील. गाडीवर कर्ज असेल तर ही तूट थेट कर्जफेडीत जाणवते, कारण भरपाई आधी कर्ज देणाऱ्या संस्थेकडे वळते. दुसरी गोष्ट अशी की कंपनीने आपली सूट ६० वरून ५० टक्क्यांवर आणली. तिसरी, झिरो डेपचा दर ०.६ वरून १ टक्का झाला. एनसीबी मात्र अचूक आहे, आणि सूचनापत्रावर ठळक अक्षरांत बहुधा तीच छापलेली असते.

एनसीबीच्या ओळीतच एक मौजेची गोष्ट दडलेली आहे. सूचनापत्रात सवलत २,५०२ वरून ३,१०२ रुपयांवर गेलेली दिसते, म्हणजे ६०० रुपयांचा लाभ. परंतु सूट कमी करून आधीचा हप्ता फुगवला गेल्यामुळेच सवलतीची रक्कम एवढी मोठी दिसते. जुन्या दराने ती केवळ २५५ रुपयांनी वाढली असती आणि तरीही एकूण हप्ता २,१९६ रुपयांनी कमी राहिला असता. एनसीबीची रक्कम मोठी असणे हे स्वस्ताईचे लक्षण नव्हे.

सूट व झिरो डेपचे दर ठरवण्याचा कंपनीला अधिकार आहे, त्यामुळे त्यांतील वाढ ही चूक म्हणता येत नाही. झिरो डेपची वाढ तर काही अंशी समर्थनीयही आहे. ऑगस्ट २०२५ पासूनच्या वर्षात ही गाडी पाचव्या वर्षात आहे, म्हणजे धातूच्या भागांवर ३५ टक्के कपात होणार. समजा अपघातात १२,००० रुपयांचा प्लास्टिकचा बंपर आणि २०,००० रुपयांचे धातूचे भाग बदलावे लागले, तर झिरो डेप नसताना अनुक्रमे ६,००० व ७,००० असे १३,००० रुपये खिशातून जातील. संरक्षणाची किंमत करासह ५,०९८ रुपये आहे. सक्तीची वजावट (या आकाराच्या इंजिनास १,००० रुपये) दोन्ही परिस्थितींत विमाधारकालाच सोसावी लागते. ‘झिरो’ या शब्दावरून सगळेच मिळते अशी समजूत होते, ती खरी नाही.

आयडीव्हीची दुरुस्ती मात्र आग्रहाने मागण्यासारखी आहे. सूचनापत्रातीलच दर कायम ठेवून ती ४,८०,००० केली, तर एकूण हप्ता १४,६६५ रुपये होतो. म्हणजे १,०६३ रुपये अधिक भरून ४८,००० रुपयांचे संरक्षण परत मिळते. त्या प्रकाराची जाहीर किंमत दरम्यान ८,४०,००० झाली असेल, तर योग्य आयडीव्ही ५,०४,००० ठरते आणि तफावत ७२,००० रुपयांपर्यंत जाते.

## तीन भागाकार

अनेक सूचनापत्रांत मूळ दर व सूट दाखवलेली नसते. सूट वजा केल्यानंतरची रक्कमच ‘बेसिक ओडी’ म्हणून छापलेली असते. अशा वेळी तीन भागाकार पुरेसे होतात व ते मागील वर्षाच्या विमापत्रावरही करून तुलना करावी लागते.

पहिला भागाकार एनसीबीपूर्वीच्या ओन डॅमेज हप्त्याला आयडीव्हीने भागण्याचा. वरील उदाहरणात तो २०२४ मध्ये १.२८ टक्के आणि २०२५ मध्ये १.६० टक्के येतो. आयडीव्ही कितीही खालीवर झाली तरी हा आकडा कंपनीचा खरा दर उघड करतो. तो चढला असेल तर सूट कमी झाली आहे किंवा भार लावला गेला आहे. पाच वर्षे ओलांडताना दरपत्रकातील मूळ दरही किंचित वाढतो. ‘ब’ विभागातील याच गटासाठी तो ३.१९१ वरून ३.३५१ टक्के होतो. तेवढी वाढ अपेक्षित समजावी.

दुसरा भागाकार एनसीबीच्या रकमेला त्याच हप्त्याने भागण्याचा. उत्तर २०, २५, ३५, ४५ किंवा ५० टक्केच यायला हवे. ते याहून कमी आले, तर सवलत एखाद्या लहान रकमेवर मोजली गेली आहे असे समजावे. तिसरा भागाकार प्रत्येक पूरक संरक्षणाच्या आकाराला आयडीव्हीने भागण्याचा. रस्त्यावरील मदतीसारखी काही संरक्षणे ठराविक रकमेची असतात; त्यांना हा हिशेब लागू नाही. काही ठिकाणी अनेक संरक्षणे एका ‘योजने’त बांधून एकच रक्कम दिली जाते. तेव्हा प्रत्येकाची स्वतंत्र किंमत मागितल्याशिवाय तुलना अशक्य असते.

नव्या गाडीच्या मालकांनी आणखी एका वर्षाकडे लक्ष द्यावे लागते. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारींना तीन वर्षांचा आणि दुचाकींना पाच वर्षांचा त्रयस्थ पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो. त्यामुळे मोटारीच्या दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी केवळ ओन डॅमेजचे नूतनीकरण होते. तिसरे वर्ष संपताच त्रयस्थ पक्षाचा हप्ता पुन्हा सामील होतो व एकूण रक्कम एकदम उसळलेली दिसते. ही दरवाढ नसते. त्या वर्षी तुलना त्रयस्थ पक्षाची ओळ बाजूला ठेवूनच केली पाहिजे.

## लहान दावा करावा की नाही

एनसीबीचा विचार नूतनीकरणाच्या दिवशी होतो, पण तिचे भवितव्य वर्षभरात ठरलेले असते. उदाहरणातील मालकाने २०२४-२५ मध्ये एक दावा केला असता, तर २०२५ मध्ये ४५ ऐवजी शून्य, २०२६ मध्ये ५० ऐवजी २०, त्यानंतर २५, ३५ व ४५ अशी सवलत मिळून सहाव्या नूतनीकरणात, म्हणजे २०३० मध्ये, तो पुन्हा ५० टक्क्यांवर पोहोचला असता. दरवर्षीची तूट अनुक्रमे ४५, ३०, २५, १५ व ५ टक्के, म्हणजे मिळून एका वर्षाच्या हप्त्याच्या १२० टक्के होते. ओन डॅमेजचा सूट वजा जाता हप्ता सरासरी ६,००० रुपये धरल्यास ही किंमत कर सोडून ७,२०० रुपये येते. पाच-सहा हजारांच्या दुरुस्तीसाठी दावा करणे म्हणूनच तोट्याचे ठरते, मग गॅरेजवाला कितीही आग्रह करो.

एनसीबी संरक्षण नावाचे पूरक संरक्षण ठराविक संख्येचे दावे होऊनही सवलत टिकवते. मात्र पाच वर्षांहून जुन्या, कमी आयडीव्हीच्या गाडीत टिकवण्याजोगी रक्कमच लहान उरते.

## तफावत आढळल्यास

सूचनापत्र हा कंपनीचा प्रस्ताव असतो. पैसे भरेपर्यंत तो बदलून घेता येतो. आयडीव्ही वाढवण्याची, नको असलेले संरक्षण काढण्याची किंवा एनसीबी दुरुस्त करण्याची मागणी लेखी करावी आणि सुधारित सूचनापत्र आल्यानंतरच रक्कम भरावी, हे इष्ट. दुसऱ्या कंपनीचा प्रस्ताव मागवायचा असल्यास आयडीव्ही, संरक्षणांची नावे आणि ऐच्छिक वजावट या तिन्ही बाबी सारख्या ठेवून मागवला तरच तो तुलनेस उपयोगी पडतो. ऐच्छिक वजावट ही हप्ता कमी दाखवण्याची आणखी एक शांत जागा आहे. ती पूर्वी शून्य असून आता काही हजार रुपये झाली असेल, तर तेवढी रक्कम प्रत्येक दाव्यात विमाधारकाकडून जाते.

विमापत्र निघाल्यावर चूक लक्षात आली तर कंपनीकडून दुरुस्तीपत्र (एन्डॉर्समेंट) घेता येते. कंपनीने दाद न दिल्यास तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, त्यानंतर भारतीय विमा विनियामक व विकास प्राधिकरणाच्या ‘बिमा भरोसा’ या संकेतस्थळावर आणि पुढे विमा लोकपालाकडे जाता येते. देय हप्त्याविषयीचे वाद लोकपालाच्या कक्षेत येतात. महाराष्ट्रात लोकपालाची कार्यालये मुंबई, ठाणे व पुणे येथे आहेत.

या सर्व पत्रव्यवहारात मुदत उलटू देणे महागात पडते. विमापत्र संपल्यानंतर नूतनीकरण होईपर्यंतच्या काळात झालेल्या अपघाताला कोणतेही संरक्षण नसते आणि नूतनीकरणापूर्वी कंपनी वाहनाची तपासणी मागते. मुदत संपल्यापासून ९० दिवसांच्या आत नूतनीकरण झाले तर जमा एनसीबी टिकते. त्यानंतर ती पूर्णपणे संपते व गणना पुन्हा शून्यापासून सुरू होते.